गॅस गिझर आणि चौथी आंघोळ

पुण्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीतले दोन खोल्यांचे घर डोळ्यांसमोर आणा. बाथरूम चार फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. भिंतीवर सहा लिटरचा गॅस गिझर, खिडकीला काचेच्या पट्ट्या. डिसेंबरात गार वारा येतो म्हणून त्या पट्ट्यांवर आतून पुठ्ठा लावलेला. सकाळी घरातले चौघे एकापाठोपाठ आंघोळीला जातात. पहिल्या तिघांना काही होत नाही. तिसऱ्याला बाहेर आल्यावर जरा डोके जड वाटते, पण चहा घेतला की बरे वाटते. चौथी व्यक्ती मात्र बराच वेळ झाला तरी बाहेर येत नाही. हाक मारली तर ओ नाही, आतून पाण्याचा आवाज चालूच.

अशा घटनेनंतर पहिला प्रश्न विचारला जातो, ‘गॅस लीक होता का?’ बहुतेक वेळा गॅसची गळती झालेली नसते, कसला वासही आलेला नसतो. गिझर व्यवस्थित चालू असतो, पाणी गरम येत असते. गिझर चालू असतो हेच खरे तर कारण असते.

ज्योत किती हवा खाते?

सहा लिटरचा गिझर मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. त्यासाठी त्याला तासाला सुमारे एक किलो एलपीजी जाळावा लागतो. स्वयंपाकघरातल्या शेगडीचे पाच-सहा बर्नर मोठे करून एकदम पेटवले, तर साधारण एवढी ज्योत होईल. स्वयंपाकघरात खिडकी, दार बंद करून सहा शेगड्या पेटवून कोणी बसणार नाही. बाथरूममध्ये आपण नेमके तेच करतो, कारण ज्योत पत्र्याच्या डब्यात झाकलेली असते.

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे बारा हजार लिटर हवा लागते. म्हणजे गिझर मिनिटाला दोनशे लिटर हवा वापरतो आणि त्यातला ४२ लिटरच्या आसपास ऑक्सिजन संपवतो. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन पुरतो, हे लक्षात घेतले की या भुकेचा अंदाज येतो. वर सांगितलेल्या बाथरूममध्ये एकूण हवाच साडेपाच हजार लिटर असते. ते बाथरूम पूर्ण बंद डबा मानले, तर ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला जेमतेम चार मिनिटे लागतात. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडी हवा येते, त्यामुळे वेळ थोडा वाढतो. पण हिशेब बदलत नाही.

या १८ टक्क्यांच्या आसपास ज्योतीचे वागणे बदलते. पुरेसा ऑक्सिजन असेल तेव्हा गॅस जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. ऑक्सिजन कमी पडू लागला की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याचे प्रमाण सावकाश वाढत नाही, एकदम चढते. ज्योतीने एकदा वापरलेली हवाच पुन्हा तिच्याकडे येते, म्हणून प्रत्येक मिनिट आधीच्या मिनिटापेक्षा वाईट ठरते. दोन आंघोळींच्या मध्ये दार मिनिटभर उघडते, तेव्हा हवा थोडी बदलते, पूर्ण नाही. पहिल्याने सोडलेली हवा दुसऱ्याच्या वाट्याला येते, दुसऱ्याची तिसऱ्याच्या. चौथी आंघोळ धोक्याची होते ती अशी.

वास नाही, धूर नाही

एलपीजीला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो. ज्योतीत ते रसायनही जळून जाते. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नाही, रंग नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला मात्र तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. फुप्फुसे चालू असतात, हृदय धडधडत असते, पण रक्त मेंदूपर्यंत पुरेसा ऑक्सिजन पोहोचवू शकत नाही.

डोके दुखणे, गरगरणे, मळमळ आणि पायांतले त्राण जाणे ही सुरुवातीची लक्षणे. ती इतकी सर्वसाधारण आहेत की घरात त्यांना ‘पित्त झाले असेल’, ‘उपाशीपोटी गेली होती’, ‘वाफेने गुदमरले’ अशी कारणे दिली जातात. शिवाय पाय लटपटायला लागेपर्यंत विचारशक्तीही मंदावलेली असते. दार उघडावे हे सुचते, पण कडीपर्यंत हात जात नाही.

काही जणांना अशा वेळी झटके येतात. भारतातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत या प्रकाराची नोंद ‘गॅस गिझर सिंड्रोम’ या नावाने केली आहे. बाथरूममध्ये पडून झटका आलेल्या रुग्णाला अपस्मार आहे असे समजून औषधे सुरू होण्याचा धोका असतो. झटका फक्त आंघोळीच्या वेळीच आला होता का, आणि घरात गॅस गिझर आहे का, हे दोन प्रश्न विचारले तर निदानाची दिशा बदलू शकते.

सुरक्षा यंत्रणा काय करते, काय करत नाही

‘आमच्या गिझरला सेफ्टी आहे’ हे वाक्य हमखास ऐकू येते. ती सेफ्टी कशाची, हे पाहायला हवे. ज्योत विझली तर गॅस बंद करणारी यंत्रणा न जळालेला गॅस साचू देत नाही. पण कार्बन मोनॉक्साइड तयार होतो तो ज्योत जळत असताना. बऱ्याच गिझरमध्ये २० मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. नळ बंद करून पुन्हा सुरू केला की तो टायमर शून्यापासून मोजू लागतो. चौघांच्या चार आंघोळी त्याच्या दृष्टीने चार वेगळ्या घटना असतात, खोलीतल्या हवेच्या दृष्टीने ती एकच असते. ऑक्सिजन कमी झाल्याचे ओळखणारा सेन्सर काही मॉडेलमध्ये असतो, सगळ्यांत नाही.

एक्झॉस्ट फॅनबद्दलही गैरसमज आहे. पंखा हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा आत यायला वाट लागते. दार घट्ट, खिडकी बंद आणि पंखा चालू, अशा खोलीत पंखा नुसताच फिरतो. गिझरचा धूर बाहेर नेणारा पाइप असेल आणि तो गरम हवेच्या नैसर्गिक ओढीवर चालणारा असेल, तर पंख्यामुळे उलटेच घडू शकते. आत हवा कमी पडल्याने पंखा त्या पाइपमधूनच हवा ओढतो आणि बाहेर जाणारा धूर खोलीत परत येतो. म्हणून वायुवीजन म्हणजे दोन वाटा. ताजी हवा आत येण्यासाठी जमिनीलगत एक कायम उघडी जाळी आणि गरम हवा बाहेर जाण्यासाठी छतालगत दुसरी. थंडीत पुठ्ठ्याने बुजवता येईल अशी जाळी म्हणजे जाळी नव्हे.

ज्योत बाथरूमबाहेर न्या

ब्रिटनच्या १९९८ च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये साधे गॅस उपकरण बसवताच येत नाही. ज्याची ज्वलनपेटी पूर्ण बंद आहे, जे बाहेरची हवा पाइपने आत घेते आणि जळालेली हवा पाइपनेच बाहेर सोडते, असेच उपकरण तिथे चालते. त्यामागचा विचार सरळ आहे. माणूस आणि ज्योत यांनी एका छोट्या खोलीतली हवा वाटून घ्यायची नाही.

आपल्याकडच्या घरांतही हे जमू शकते. गिझर मोकळ्या ड्राय बाल्कनीत बसवायचा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप बाथरूममध्ये आणायचा. मात्र त्या बाल्कनीला सरकत्या काचा लावून ती बंद केली असेल, तर ती पुन्हा खोलीच झाली. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये गिझर बसवला तर धूर वरच्या मजल्यांवरच्या बाथरूमच्या खिडक्यांतून शेजाऱ्यांकडे जाऊ शकतो. सिलिंडरही बाथरूममध्ये नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळती झाली तर जमिनीलगत साचतो. गिझरवर आयएसआय चिन्ह असावे, आणि एलपीजीसाठीचा गिझर पाइप गॅसला परस्पर जोडू नये, कारण दोन्हींचे जेट वेगळे असतात.

वर्षातून एकदा बर्नर साफ करून घ्यावा. ज्योत निळी आणि स्थिर हवी. ती पिवळी, लांबट झाली किंवा गिझरच्या तोंडाशी काजळी दिसू लागली, तर गिझर बंद ठेवून आधी दुरुस्ती करावी. पण ज्योत निळी आहे म्हणून खिडकी बंद ठेवली तर चालेल, असा अर्थ काढू नये. नवा कोरा गिझरसुद्धा बंद खोलीतला ऑक्सिजन तितक्याच वेगाने संपवतो.

भाड्याचे घर आहे, गिझर हलवता येत नाही, अशांसाठी जुनी बादली-तांब्याची पद्धत उपयोगाची आहे. वीस लिटरची बादली चार मिनिटांच्या आत भरते. दार आणि खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, पाच-दहा मिनिटे हवा खेळू द्यावी आणि मगच आत जाऊन दार लावावे. गिझर चालू ठेवून शॉवर घेऊ नये. लहान मुले, गर्भवती आणि वृद्ध यांच्याबाबत तर हा नियम कधीच मोडू नये.

आतून प्रतिसाद आला नाही तर

वाट पाहू नये, दार तोडावे. दीर्घ श्वास घेऊन आत जावे, व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत ओढून आणावे. गॅस सिलिंडरपाशीच बंद करावा. १०८ ला फोन करावा. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर कृत्रिम श्वसन व छातीवर दाब देणे सुरू करावे.

रुग्णालयात ‘घरात गॅस गिझर आहे आणि हा बाथरूममध्ये पडला’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा रुग्णातही ९७-९८ दाखवू शकतो, कारण कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त आणि ऑक्सिजन असलेले रक्त यांतला फरक त्याला कळत नाही. खरे प्रमाण रक्ताच्या वेगळ्या तपासणीत कळते. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम तास-दीड तासात होते. रुग्ण शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी तपासणी टाळू नये. विस्मरण, चालण्यातला अडखळेपणा, स्वभावातला बदल अशी लक्षणे काही जणांत दोन-तीन आठवड्यांनीही दिसू लागतात.

पहिल्या घरातल्या त्या तिसऱ्या माणसाचे जड झालेले डोके हाच खरा इशारा होता. आंघोळीनंतर एकापेक्षा जास्त जणांचे डोके दुखत असेल आणि मोकळ्या हवेत ते थांबत असेल, तर पुढच्या माणसाने आत जाऊ नये. आधी गिझर बंद करावा, मग खिडकीवरचा पुठ्ठा काढावा.