स्तंभालेखावरील आडवी रेषा : सरासरी की मध्यक? नाशिक जिल्ह्यातील तालुकानिहाय लोकसंख्येच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

सामाजिक शास्त्रे, वाणिज्य व भूगोल या विषयांच्या लघुप्रबंधांत आणि महाविद्यालयीन अहवालांत स्तंभालेख हे सर्वाधिक वापरले जाणारे साधन आहे. स्तंभांची परस्परांशी तुलना सुलभ व्हावी म्हणून त्यांवरून एक आडवी रेषा ओढण्याचा प्रघात अलीकडे रूढ झाला आहे. ही रेषा बहुधा सरासरीची असते, कारण संगणकावर ती काढणे सोपे असते व 'सरासरी' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा असतो. परंतु रेषा बदलली की 'मोठा' आणि 'लहान' यांची सीमाही बदलते, आणि त्याच आकडेवारीवरून वेगळा निष्कर्ष निघतो. हा बदल नेमका कसा घडतो आणि कोणत्या प्रसंगी कोणती रेषा योग्य ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात नाशिक जिल्ह्याच्या २०११ च्या जनगणनेतील आकड्यांच्या आधारे केला आहे.

आधारभूत आकडेवारी

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या उतरत्या क्रमाने पुढे दिली आहे.

तक्ता क्र. १ : नाशिक जिल्हा, तालुकानिहाय लोकसंख्या (२०११)

| क्र. | तालुका | लोकसंख्या |
|---|---|---|
| १ | नाशिक | १७,५५,४९१ |
| २ | मालेगाव | ९,५५,५९४ |
| ३ | निफाड | ४,९३,२५१ |
| ४ | बागलाण | ३,७४,४३५ |
| ५ | सिन्नर | ३,४६,३९० |
| ६ | दिंडोरी | ३,१५,७०९ |
| ७ | नांदगाव | २,८८,८४८ |
| ८ | येवला | २,७१,१४६ |
| ९ | इगतपुरी | २,५३,५१३ |
| १० | चांदवड | २,३५,८४९ |
| ११ | कळवण | २,०८,३६२ |
| १२ | सुरगाणा | १,७५,८१६ |
| १३ | त्र्यंबकेश्वर | १,६८,४२३ |
| १४ | देवळा | १,४४,५२२ |
| १५ | पेठ | १,१९,८३८ |
| | जिल्हा एकूण | ६१,०७,१८७ |

एकूण लोकसंख्येस १५ ने भागले असता सरासरी ४,०७,१४६ येते. मध्यक म्हणजे क्रमाने मांडलेल्या संख्यांतील मधली संख्या. येथे ती आठव्या क्रमांकावरील येवला तालुक्याची, म्हणजे २,७१,१४६ आहे. दोन्ही रेषांमध्ये सुमारे १.३६ लाखांचे अंतर पडते. पेठ तालुक्याची संपूर्ण लोकसंख्याही या अंतरापेक्षा कमी आहे.

रेषेनुसार बदलणारा अर्थ

सरासरीची रेषा ४.०७ लाखांवर ओढल्यास तिच्या वर केवळ तीन स्तंभ जातात : नाशिक, मालेगाव व निफाड. उरलेले बारा तालुके रेषेखाली राहतात. असा आलेख पाहणारा वाचक साहजिकच म्हणतो की, जिल्ह्यातील बहुसंख्य तालुके 'सरासरीपेक्षा लहान' आहेत. बागलाणचे उदाहरण येथे विशेष बोलके आहे. लोकसंख्येच्या दृष्टीने हा जिल्ह्यातील चौथ्या क्रमांकाचा तालुका. तरीही तो रेषेच्या सुमारे ३३ हजार खाली दिसतो आणि पेठ, देवळा यांच्याच गटात जाऊन बसतो.

मध्यकाची रेषा २.७१ लाखांवर ओढली की चित्र पालटते. सात तालुके वर, सात खाली आणि येवल्याचा स्तंभ नेमका रेषेला टेकलेला. बागलाण आता रेषेच्या एक लाखाहून अधिक वर दिसतो. सिन्नर, दिंडोरी व नांदगाव हेही वर येतात. रेषेखाली उरलेल्या सात तालुक्यांत सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि कळवण हे पश्चिमेकडील आदिवासीबहुल तालुके येतात. पहिल्या आलेखात ते बारांच्या गर्दीत हरवले होते. दुसऱ्यात त्यांचे लहानपण ठळकपणे नजरेत भरते.

या फरकाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. 'साधारण तालुका सुमारे चार लाखांचा' असे गृहीत धरून तालुकास्तरीय उपक्रमाची आखणी केली, तर पंधरांपैकी बारा तालुक्यांसाठी ती प्रमाणाबाहेर मोठी ठरेल आणि नाशिक व मालेगाव यांच्यासाठी अगदीच तोकडी पडेल. शिवाय बागलाणचे ३.७४ लाख आणि निफाडचे ४.९३ लाख यांच्या दरम्यान एकही तालुका नाही. सरासरीची रेषा नेमकी या रिकाम्या जागेतून जाते. म्हणजे ती ज्या 'सरासरी तालुक्या'चे वर्णन करते, तो जिल्ह्यात अस्तित्वातच नाही.

अंतराचे कारण

या अंतराचे मूळ दोन उंच स्तंभांत आहे. नाशिक तालुक्यात नाशिक महानगर येते. २०११ मध्ये एकट्या शहराचीच लोकसंख्या सुमारे १४.८६ लाख होती. मालेगाव तालुक्याची निम्म्याच्या आसपास लोकसंख्या मालेगाव शहरात होती. सरासरी काढताना प्रत्येक संख्येचे पूर्ण मोल बेरजेत उतरते. म्हणून एक अतिविशाल संख्या सरासरीला आपल्याकडे ओढते. मध्यकाला मात्र प्रत्येक संख्येचे केवळ क्रमातील स्थान लागते.

याची पडताळणी करणे सोपे आहे. नाशिक तालुका वगळून उर्वरित चौदा तालुक्यांची सरासरी काढल्यास ती ३.११ लाखांवर येते, म्हणजे सुमारे ९६ हजारांनी घसरते. मध्यक मात्र २.६२ लाख येतो. त्यात अवघ्या नऊ हजारांच्या आसपास घट होते. मालेगावही वगळले तर उरलेल्या तेरा तालुक्यांची सरासरी २.६१ लाख व मध्यक २.५४ लाख, असे दोन्ही जवळजवळ एकत्र येतात. यावरून एक उपयुक्त खूण मिळते : रेषा ओढण्यापूर्वी दोन्ही मूल्ये काढावीत. ती जवळ असतील, तर कोणतीही रेषा चालेल. दूर असतील, तर आलेखात काही स्तंभ इतरांहून फारच वेगळे आहेत असे समजावे.

सरासरीची रेषा केव्हा योग्य?

वरील विवेचनावरून मध्यक सदैव श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सरासरीचा एक गुण मध्यकाजवळ नाही : तिला स्तंभांच्या संख्येने गुणले की एकूण बेरीज परत मिळते. सरासरीच्या रेषेवर तीन तालुक्यांचे जे १९.८३ लाख आधिक्य दिसते, तेवढीच बारा तालुक्यांची एकत्रित तूट भरते. मध्यकास १५ ने गुणले तर ४०.६७ लाख एवढेच येतात. वीस लाखांहून अधिक लोक हिशेबातून निसटतात. म्हणून प्रश्न एकूण साधनसामग्रीच्या वाटपाचा, खर्चाचा किंवा समान हिश्श्याचा असेल, तेव्हा सरासरीचीच रेषा हवी.

कालानुरूप बदल दाखवतानाही हा भेद लक्षात घ्यावा लागतो. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ४९,९३,७९६ होती. तालुके तेव्हाही १५ होते. म्हणजे दहा वर्षांत सरासरीची रेषा ३.३३ लाखांवरून ४.०७ लाखांवर गेली. जिल्ह्याची एकूण वाढ तिच्यात जशीच्या तशी उतरते. उलट नाशिक शहर कितीही वाढले, तरी त्यामुळे मध्यकाची रेषा हलत नाही. नागरी वाढ हाच अभ्यासविषय असेल, तर मध्यक तो झाकून टाकतो.

मध्यकाची आणखी एक मर्यादा आहे. त्यात प्रत्येक तालुका 'एक' म्हणून मोजला जातो, मग त्यात सव्वा लाख लोक असोत वा साडेसतरा लाख. जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक पहिल्या तीन तालुक्यांतच राहतात. त्यामुळे २.७१ लाख ही मधल्या तालुक्याची लोकसंख्या आहे. सामान्य नागरिक एवढ्या आकाराच्या तालुक्यात राहतो, असे तिच्यावरून म्हणता येत नाही.

स्तंभ जेव्हा दर किंवा गुणोत्तर दाखवतात, तेव्हा ही बाब अधिक नाजूक होते. जिल्ह्याची २०११ ची घनता दर चौरस किलोमीटरला ३९३ होती. ती एकूण लोकसंख्येस एकूण क्षेत्रफळाने भागून मिळते. पंधरा तालुक्यांच्या घनतांची साधी सरासरी वा त्यांचा मध्यक म्हणजे जिल्ह्याची घनता नव्हे. अशा आलेखावर जिल्ह्याचा प्रत्यक्ष दर हीच तिसरी, स्वतंत्र रेषा योग्य ठरते.

रेषा काढताना होणारी चूक व तिची तपासणी

एक्सेलमध्ये तालुक्यांचे आकडे B2 ते B16 या घरांत असल्यास दोन्ही मूल्ये पुढीलप्रमाणे मिळतात.

```
=AVERAGE(B2:B16)
=MEDIAN(B2:B16)
```

मिळालेले मूल्य शेजारच्या स्तंभात पंधराही ओळींत लिहून त्याचा रेषालेख स्तंभालेखावर चढवला की आडवी रेषा तयार होते. येथे वारंवार होणारी चूक म्हणजे 'एकूण' ही सतरावी ओळही निवडली जाणे. तसे झाल्यास सरासरी एकदम ७.६३ लाखांवर उडी घेते. मध्यक मात्र २.८० लाख, म्हणजे मूळ मूल्याच्या जवळच राहतो. त्यामुळे त्यातील चूक सहज लक्षात येत नाही. म्हणून दोन तपासण्या कराव्यात. सरासरीस स्तंभांच्या संख्येने गुणून एकूण बेरीज जुळते का, हे पाहावे. आणि मध्यकाच्या रेषेच्या वर व खाली सारखेच स्तंभ आहेत का, हे मोजावे. स्तंभ उतरत्या क्रमाने मांडले असतील, तर ही दुसरी तपासणी नुसत्या नजरेनेही होते.

रेषेवर तिचे नाव व मूल्य लिहिणे आवश्यक आहे. केवळ 'सरासरी' या सैल अर्थाच्या शब्दाखाली मध्यक दाखवला, तर वाचक त्याला १५ ने गुणून चुकीच्या बेरजेपर्यंत पोचू शकतो.

निष्कर्ष

'एकूणात प्रत्येकाचा समान वाटा किती?' या प्रश्नाचे उत्तर सरासरीची रेषा देते, तर 'मधला घटक कोठे आहे?' याचे उत्तर मध्यकाची रेषा देते. नाशिक जिल्ह्याच्या लोकसंख्येसारख्या विषम वितरणात एखादा तालुका इतरांच्या तुलनेत मोठा की लहान हे दाखवायचे असल्यास मध्यकाची रेषा वापरावी, आणि वाटप वा एकूण वाढ दाखवायची असल्यास सरासरीची. दोन्ही हेतू असतील तर दोन्ही रेषा, एक अखंड व एक तुटक, मूल्यांसह द्याव्यात. विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना रेषा कोणती आहे, एवढ्यावरच न थांबता तिच्या वर व खाली किती स्तंभ आहेत, हे विचारल्यास आलेखावरून काढलेला निष्कर्ष कितपत टिकतो, ते तेथेच स्पष्ट होईल.