पोलाद शेवटी कुठे गोठतं?

साच्यात ओतलेल्या पोलादाचा वाळूला टेकलेला थर आधी गोठतो. गोठताना पोलाद साधारण 3 टक्के आकसतं, आणि त्याआधी रस निवतानाही त्याचं आकारमान घटलेलं असतं. पण बाहेरचं कवच तोवर टणक झालेलं असल्यामुळे ही तूट वरून दिसत नाही. सगळ्यात शेवटी गोठणाऱ्या जागी ती पोकळी होऊन बसते.

कवचातून आत स्फटिकांचे काटे वाढतात आणि नेच्याच्या पानासारख्या त्यांना फांद्या फुटतात. हे डेंड्राइट. घन पोलादात कार्बन, गंधक आणि फॉस्फरस रसापेक्षा कमी मावतात, म्हणून वाढणारी फांदी त्यांना शेजारच्या रसात ढकलते. उरलेला रस अधिकाधिक अशुद्ध होत जातो आणि आणखी कमी तापमानाला गोठतो. यालाच सेग्रिगेशन म्हणतात. फांद्या दाटल्या की मधल्या वाटा बुजतात आणि अडकलेल्या थेंबांना बाहेरून रस मिळत नाही. मशिनिंगमध्ये उघडी पडणारी बारीक सच्छिद्रता इथेच जन्मते.

छिद्र कशाचं आहे, हे त्याच्या भिंतीवरून कळतं. वायूचं छिद्र बहुधा गोलसर आणि गुळगुळीत असतं. आकुंचनाची पोकळी वेडीवाकडी, खरखरीत असते आणि भिंगाखाली तिच्यात फांद्यांची टोकं दिसतात. हे आधी पाहिलंच पाहिजे, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

आकुंचनावर उपाय राइजरचा. कास्टिंगला जोडलेल्या या साठ्याने कास्टिंगपेक्षा उशिरा गोठायला हवं. गोठण्याचा वेळ आकारमान भागिले पृष्ठफळ या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असा च्वोरिनोव यांचा नियम आहे. या संख्येला मोड्युलस म्हणतात. 12 सेंटिमीटर बाजूचा पोलादी ठोकळा घ्या. आकारमान 1728 घन सेंमी, पृष्ठफळ 864 चौरस सेंमी, म्हणजे मोड्युलस 2. राइजरचा मोड्युलस रिवाजाप्रमाणे 1.2 पट, म्हणजे 2.4 ठेवायचा. उंची आणि व्यास सारखा असलेल्या दंडगोलाचा मोड्युलस व्यासाचा सहावा भाग असतो, तेव्हा व्यास आला 14.4 सेंमी. या राइजरचं आकारमान सुमारे 2345 घन सेंमी भरतं, म्हणजे ठोकळ्याहूनही जास्त! राइजरभोवती उष्णतारोधक स्लीव्ह बसवतात ती यासाठीच. मग लहान राइजरही तेवढाच वेळ पातळ राहतो. कास्टिंगला जोडणारी त्याची मानही आधी गोठता कामा नये, नाहीतर भरलेला साठा निरुपयोगी ठरतो.

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत मुख्यतः बीड ओततात आणि तिथे हिशेब बदलतो. ग्रे आयर्न गोठताना ग्राफाइट बाहेर पडून फुगतं आणि बरीचशी तूट आतूनच भरून निघते, म्हणून राइजर लहान चालतो. मात्र वाळू सैल ठोकलेली असेल तर तो फुगवटा साच्याची भिंतच बाहेर ढकलतो. कास्टिंग मापापेक्षा मोठं येतं आणि आत पोकळीही राहते.