गाडी थांबत नाही, थांबणार नाही, थांबू नका!

परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यातलं ताडकळस. तिथं रस्त्याच्या कडेला गाडीची वाट बघत उभं राहिलो, तर एकच साधं वाक्य मनात असतं: 'गाडी ताडकळसला थांबते.' हेच वाक्य आता नकारात फिरवून बघा. 'थांबते नाही' असं कुणीच म्हणत नाही. आधी 'थांबते'चं 'थांबत' होतं आणि मगच 'नाही' येऊन बसतं: 'थांबत नाही'.

या अदलाबदलीत एक गंमत होते. तो जातो, ती जाते, पण जात नाही म्हटलं की तो आणि ती दोघंही सारखेच! वर्तमानकाळातल्या नकारात लिंग गळून पडतं. पुरुष आणि वचन मात्र 'नाही'च्या अंगावर चढतात: तू जात नाहीस, ते जात नाहीत. भूतकाळात आलं की लिंग परत हजर: ट्रक थांबला नाही, गाडी थांबली नाही, गाड्या थांबल्या नाहीत.

भविष्यकाळात 'नाही'ला 'थांबेल' चालतच नाही. 'गाडी थांबेल'चा नकार 'थांबणार नाही', म्हणजे क्रियापदाचं रूपच बदलून घ्यावं लागतं. मराठी शिकणारा नवखा माणूस हमखास 'थांबेल नाही' म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं की ही याची घरची भाषा नव्हे.

एक वाक्य, दोन काळ

'गाडी इथं थांबायची नाही.' हा कुठला काळ? 'पूर्वी गाडी इथं थांबायची नाही, आम्ही चालत जायचो' म्हटलं तर सवयीचा भूतकाळ. 'हात करून उपयोग नाही, ती थांबायची नाही' म्हटलं तर पक्का भविष्यकाळ. शब्द तेच, काळ ठरवतं ते आजूबाजूचं बोलणं. आणि गाडी आत्ता, डोळ्यांदेखत पुढं निघाली असेल तर ओरडायचं असतं 'अहो, थांबत नाहीये!' त्या शेवटच्या 'ये'मुळं रोजची गोष्ट या क्षणाची होते.

चहा नाही की चहा नको?

हॉटेलवाला म्हणतो 'चहा नाही', गिऱ्हाईक म्हणतं 'चहा नको'. पहिल्यात चहा संपलाय, दुसऱ्यात चहा आहे पण मन नाही. 'हवा' आणि 'पाहिजे' या दोघांचाही नकार एकटा 'नको' सांभाळतो.

आज्ञेतही त्याचंच राज्य. 'थांब'ला 'थांब नाही' म्हणता येत नाही. तिथं क्रियापदाला ऊकार लागतो आणि 'थांबू नको' होतं. तू म्हणून बोलताना 'नकोस'ही चालतं, आदरानं किंवा अनेकांना बोलताना 'नका'. कंडक्टर समोरच्या प्रवाशांना म्हणतो 'दारात थांबू नका', पण गाडीतली पाटी लिहिते 'दारात उभे राहू नये'. 'नको' समोरच्याला उद्देशून असतं. 'नये'ला समोर कुणी लागत नाही, म्हणून ते नियमांत आणि पाट्यांवर शोभतं.

खेड्यातल्या बोलीत 'नको'चं 'नगं' होतं, 'नाही'चं 'नाई'. आणि 'नको'नं वेस ओलांडून दुसऱ्या भाषेतही बस्तान बसवलं आहे. परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या हैदराबादच्या दखनीत आजही लोक 'मेरेकू नक्को' म्हणतात. दखनीनं मराठी शब्द घेतला, पण जागा बदलली. आपण क्रियापदानंतर 'करू नको' म्हणतो, ते क्रियापदाच्या आधी 'नक्को करो' म्हणतात. मला हा या सगळ्यातला सर्वांत देखणा प्रवास वाटतो.

पुढं बसणारा 'न'

'नाही' आणि 'नको' क्रियापदाच्या मागं येतात. एकटा 'न' मात्र पुढं बसतो, तोही जिथं वाक्य क्रियापदापाशी पुरं होत नाही तिथं: 'गाडी न थांबता गेली', 'न थांबणारी गाडी'. इथं 'थांबता नाही' म्हणून बघा, जीभच अडते. 'तर' जोडायचं असेल, तर घडू शकणाऱ्या गोष्टीला 'थांबली नाही तर' आणि घडून गेलेल्याला उलटं धरून 'थांबली नसती तर'.

आणि 'ना'? 'ना गाडी आली, ना फोन लागला' यात तो अस्सल नकार आहे. पण 'थांब ना!' मध्ये नकाराचा मागमूस नाही, आहे ती विनवणी. 'थांबशील ना?' मध्ये खात्री करून घेणं आहे. म्हणूनच लेकरू आईच्या पदराला धरून 'जाऊ नको ना' म्हणतं, तेव्हा दोन नकार मिळून होकार होत नाही. नकार एकट्या 'नको'चा, आणि 'ना' त्याला लडिवाळ करतो. तोवर गाडीचा हॉर्न वाजतो आणि आई म्हणते, 'सोड ना आता, गाडी थांबायची नाही.'