आयर्न बटरफ्लाय की आयर्न काँडोर?

दोन्ही व्यूहांत जवळचे कॉल व पुट विकले जातात आणि तोटा मर्यादित राहावा म्हणून दूरचे विकत घेतले जातात. हाती उरणारे निव्वळ प्रीमियम म्हणजे क्रेडिट. बटरफ्लायमध्ये विकलेल्या कॉल-पुटची स्ट्राइक, म्हणजे कराराची ठरलेली किंमत, एकच असते. काँडोरमध्ये त्या दोन असतात.

निफ्टी २५,००० वर आहे आणि संरक्षक ऑप्शन विकलेल्या स्ट्राइकपासून ५०० अंश दूर आहेत, असे समजू. २५,००० च्या बटरफ्लायला ३२० अंश, तर २४,७०० व २५,३०० च्या काँडोरला १२० अंश क्रेडिट मिळाले, तर खर्च वगळता नफ्याचे पट्टे अनुक्रमे २४,६८० ते २५,३२० व २४,५८० ते २५,४२० आणि कमाल तोटे १८० व ३८० अंश ठरतात. मात्र बटरफ्लायचे पूर्ण ३२० अंश निर्देशांक नेमका २५,००० वर स्थिरावला तरच मिळतात, आणि तसे क्वचितच घडते. मुदतीअखेर २०० अंशांच्या हालचालीला दोहोंचा नफा १२० असतो. त्याहून कमी हालचालीत बटरफ्लाय सरस, २०० ते ६०० अंशांत काँडोर, आणि त्यापलीकडे पुन्हा बटरफ्लायचाच तोटा कमी.