केशराचा रंग सुटतो कसा?

श्रीखंडाच्या पातेल्यात वरून केशराच्या काड्या टाकल्या आणि रात्रभर ते फ्रिजमध्ये ठेवलं, तर सकाळी एक गंमत दिसते. श्रीखंड पांढरंच राहिलेलं असतं. फक्त प्रत्येक काडीभोवती एक पिवळा डाग पसरलेला असतो. रंग काडीतून निघाला, पण बोटभरही पुढे गेला नाही. ढवळलं की डागांचे पट्टे होतात, सगळं श्रीखंड मात्र केशरी होत नाही. खाताना एखादी काडी दाताखाली आली तर किंचित कडू लागते, आणि ज्या वासासाठी एवढे पैसे मोजले तो वास त्या एका घासापुरताच येतो.

काहीशे रुपये ग्रॅम भावाचं केशर असं वाया जाण्याचं कारण साधं आहे. रंग काडीच्या आत बंद असतो आणि तो बाहेर यायला पाणी, थोडी ऊब आणि वेळ लागतो. दाट, गार चक्क्यात यातलं काहीच पुरेसं नसतं.

केशराची काडी म्हणजे फुलातल्या स्त्रीकेसराचं टोक. काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतांत ऑक्टोबरअखेर ही जांभळी फुलं उमलतात, एकेका फुलातून तीन लाल तंतू हाताने खुडून काढले जातात आणि मग वाळवले जातात. काश्मीरच्या केशराला २०२० साली भौगोलिक मानांकनही मिळालं. एक ग्रॅम केशरासाठी साधारण दीडशे फुलं लागतात, म्हणजे ग्रॅमभरात साडेचारशेच्या आसपास काड्या भरतात. हा हिशेब स्वयंपाकघरातही उपयोगी पडतो, कारण ‘चिमूटभर केशर’ हे माप प्रत्येकाच्या बोटांप्रमाणे बदलतं. चाळीसेक काड्या म्हणजे ग्रॅमचा सुमारे दहावा भाग, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

या काडीत तीन गोष्टी महत्त्वाच्या. रंग देणारं क्रोसिन, कडवट चव देणारं पिक्रोक्रोसिन आणि वास देणारं सॅफ्रनाल. ताज्या फुलातल्या तंतूला केशराचा ओळखीचा वास जवळजवळ नसतोच. तंतू वाळताना पिक्रोक्रोसिनपासून सॅफ्रनाल तयार होतं. क्रोसिन गाजरातल्या रंगद्रव्याच्या कुळातलं. पण गाजराचा रंग तुपात उतरतो आणि केशराचा पाण्यात, कारण क्रोसिनच्या रेणूला साखरेचे रेणू जोडलेले असतात. म्हणूनच नुसत्या तुपात केशर परतलं तर वास सुटतो, पण तूप केशरी होत नाही. सॅफ्रनालची तऱ्हा उलटी. ते स्निग्धांशात रमतं आणि उष्णता वाढली की उडून जातं.

कोमट दूध या दोन्ही स्वभावांना सोयीचं पडतं. दुधात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असतं, त्यात रंग उतरतो. सायीचा अंश वास धरून ठेवतो. एवढंच की, त्याच काड्या पाण्यात भिजवल्या तर पाणी गडद नारिंगी दिसतं आणि दूध मात्र फिकट पिवळं. रंग तेवढाच सुटलेला असतो, दुधाच्या पांढरेपणामुळे तो फिका वाटतो. ते पाहून आणखी केशर घालायचा मोह होतो आणि पदार्थ कडवट, औषधी वासाचा होतो.

आता अर्धा किलो चक्क्याचं श्रीखंड घेऊ. चक्का चांगला घट्ट असेल तर चारशे ग्रॅम साखर आणि चाळीसेक काड्या पुरतात. त्यातल्या आठ-दहा काड्या सजावटीसाठी बाजूला ठेवाव्यात. उरलेल्या एका छोट्या स्टीलच्या वाटीत घालून ती वाटी गरम तव्यावर, गॅस बंद केल्यावर, अर्धा मिनिट ठेवायची. काडी भाजायची नाही, तिच्यातला ओलावा तेवढा घालवायचा आहे. डबीतून काढलेली काडी लवचीक असते, खलताना ती चपटी होते पण चुरा होत नाही. किंचित तापून गार झालेली काडी बोटांत धरली तर कट्‌कन तुटते. रंग लालचा तपकिरी होऊ लागला, तर मात्र तवा जास्त तापलेला होता असं समजावं.

या काड्या छोट्या खलात चिमूटभर साखरेबरोबर खलायच्या. साखरेच्या दाण्यांमुळे काडी घासली जाते आणि एवढीशी पूड खलाला चिकटून वाया जात नाही. मग दोन मोठे चमचे दूध गरम करायचं. उकळतं नको, बोट बुडवलं तर गरम लागेल पण पटकन मागे घ्यावं लागणार नाही, इतपत. थोडं दूध खलातच ओतून तो खंगाळून घ्यायचा, सगळं वाटीत काढून वर झाकण ठेवायचं. झाकण महत्त्वाचं, कारण उघड्या वाटीतून स्वयंपाकघरभर दरवळतो तो वास श्रीखंडातून कमी झालेला असतो. पहिल्या मिनिटात दूध पिवळसर होतं, दहा मिनिटांत हळदुलं आणि अर्ध्या तासात केशरी झाक असलेलं गडद पिवळं. काड्या न खलता अख्ख्याच टाकल्या तर याच रंगाला तीन-चार तास लागतात.

तोवर चक्का आणि साखर एकत्र करून ठेवलेली असते. साखर चक्क्यातलं पाणी ओढून घेते, मिश्रण सैल होतं, मग ते पुरणयंत्रातून काढलं जातं. केशराचं दूध घालायचं ते यानंतर आणि पूर्ण गार झाल्यावर. गरम दुधाने चक्का सैल पडतो, आणि दूध दोन चमच्यांऐवजी अर्धी वाटी असेल तर श्रीखंड वाटीत पसरतं. मग चक्का कितीही टांगलेला असो. आधी दोन डाव श्रीखंड केशराच्या वाटीत कालवून ते परत पातेल्यात घातलं की रंग सगळीकडे सारखा लागतो. असं श्रीखंड झाल्याझाल्या हलकं पिवळं दिसतं आणि दुसऱ्या दिवशी थोडं गडद, कारण पुडीतला उरलासुरला रंग रात्रभरात सुटतो. विकतच्या डब्यातला भडक पिवळा मात्र त्याला येत नाही. तो रंग बहुतेक वेळा वरून घातलेला असतो.

पाकाच्या पदार्थांत हिशेब थोडा बदलतो. एकतारी पाकात साखर भरपूर आणि मोकळं पाणी थोडं असतं. अशा दाट पाकात अख्ख्या काड्या टाकल्या तर त्या नीट भिजतच नाहीत. शिवाय पाक उकळत असताना टाकलेल्या केशराचा रंग बऱ्यापैकी टिकतो, पण वास वाफेबरोबर जातो. म्हणून जिलबीच्या किंवा गुलाबजामच्या पाकासाठी केशर खलून दोन चमचे गरम पाण्यात वेगळं भिजवावं आणि गॅस बंद केल्यावर पाकात घालावं. इथे दूध टाळलेलं बरं. साखरेतली मळी काढायला पाकात चमचाभर दूध घालतात, ते फाटून मळीसकट वर येतं आणि झाऱ्याने काढून टाकलं जातं. केशराचं दूध उकळत्या पाकात ओतलं, तर त्याचीही तीच गत होते. साखरभातातही लिंबाचा रस पडतो, तेव्हा तिथेही केशर पाण्यातच खलावं.

दूध नाही, गरम पाणी नाही, तरी केशर खुलतं का? इराणी घरांत पूड केलेलं केशर बर्फाच्या खड्यांवर पसरून ठेवायची पद्धत आहे. बर्फ सावकाश वितळतो आणि वाटीत गडद नारिंगी पाणी जमतं. ऊब फक्त वेळ वाचवते, रंग काढतं ते पाणीच, हे त्यावरून कळतं.

ओव्हनमधल्या पदार्थांत केशराची खरी परंपरा आहे ती स्वीडनची. तिथे १३ डिसेंबरच्या सेंट लुसियाच्या सणाला इंग्रजी ‘एस’च्या आकाराचे पिवळेधमक पाव करतात. त्यासाठी अर्ध्या ग्रॅमची केशरपुडीची पाकिटं मिळतात आणि अर्धा लिटर दुधाच्या कणकेत अशी दोन पाकिटं सहज जातात. तिथले बेकरही केशर साखरेबरोबर खलतात आणि थोड्या कोमट दुधात किंवा चमचाभर मद्यात आधी भिजवून ठेवतात.

घरच्या केशरी केकला हाच नियम लागतो. पाककृतीत अर्धा कप दूध असेल तर त्यातलंच तीन चमचे काढून केशर भिजवावं, जादा दूध घेऊ नये. लोण्यात किंवा तेलात केशर मिसळून चालत नाही, त्याचं कारण वर आलंच आहे. ओव्हनचा काटा १८० अंशांवर असला तरी केकच्या गाभ्याचं तापमान शंभरच्या आतच राहतं, त्यामुळे आतला वास बऱ्यापैकी शाबूत राहतो आणि वरच्या कवचातला उडतो. नानखटाईत तर पाणी जवळजवळ नसतंच. तिथे पुडीसाठी एक छोटा चमचा दूध पुरे. जास्त झालं तर नानखटाई खुसखुशीत होत नाही. हल्ली वाढदिवसांना दिसणाऱ्या रसमलाई केकची सोय मात्र उत्तम. त्यात केशराचं दूध भाजल्यानंतर केकवर ओततात, म्हणजे ओव्हनची धग त्याला लागतच नाही.

सगळं नीट करूनही रंग आला नाही, तर संशय केशरावर घ्यायला हरकत नाही. खरी काडी कोमट पाण्यात टाकली की हळूहळू सोनेरी पिवळा रंग सोडते आणि स्वतः बराच वेळ लालच राहते. मक्याच्या कणसाचे केस किंवा करडईच्या पाकळ्या रंगवून विकलेल्या असतील, तर पाणी क्षणात लालभडक होतं आणि तंतू फिके पडतात. काडी जिभेवर ठेवावी. केशराला वास गोड असतो, चव कडवट. काडी गोड लागली तर वजन वाढवायला तिच्यावर साखरेचा किंवा ग्लिसरीनचा हात फिरला असण्याची शक्यता जास्त. तयार पूड घ्यायचं तर शक्यतो टाळावंच, कारण तिच्यात हळद मिसळणं सोपं असतं; पुडीच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि ते लालसर झालं, तर त्यात हळद आहे.

खरं केशरही जुनं होतं. उजेडाने त्याचा रंग उतरतो आणि हवेने वास, म्हणून पारदर्शक डबी ओट्यावर ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात, कपाटात आत ठेवावी. भिजवलेलं केशराचं दूध फ्रिजमध्ये झाकून दुसऱ्या दिवसापर्यंत चालतं. त्यापुढे ठेवायचं असेल तर केशर पाण्यात भिजवून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावं आणि मसाला दूध करताना गॅस बंद केल्यावर एक खडा पातेल्यात सोडावा.