बाहुलीला हात लागतो कुठून?

कळसूत्री बाहुल्यांचा फोटो पाहताना नजर आधी चेहऱ्याकडे आणि कपड्यांकडे जाते, आणि तिथेच फसगत होते. केरळातल्या पावकथकळीच्या बाहुलीला कथकलीचा मुकुट असतो, पण ती खेळवणाऱ्याच्या हातात मोज्यासारखी चढवतात. कर्नाटकातल्या गोंबेयाट्टाच्या बाहुल्यांवर यक्षगानाचा वेश असतो आणि त्या दोऱ्यांवर नाचतात. म्हणून फोटोत आधी शोधायचे ते एकच: खेळवणाऱ्याचा हात बाहुलीला कुठून लागतो? वरून दोऱ्याने, खालून काठीने, की आतून?

काठी दिसली तरी लगेच निकाल देऊ नये. समजा, फोटोत रंगीत हनुमान आहे आणि त्याच्या मधोमध उभी बांबूची काडी. अनेकजण त्याला काठीची बाहुली म्हणतील. पण शरीर नीट पाहा. अंग सपाट आहे आणि दागिन्यांच्या जागी नक्षीदार भोके पाडलेली आहेत. ही चामड्याची छायाबाहुली आहे. पडद्याआड दिव्याचा उजेड त्या भोकांतून झिरपतो. बंगालच्या काठीच्या बाहुलीला भरीव, गोलसर अंग असते आणि उंची तीन-चार फूट. ती खेळवणारा कमरेला बांधलेल्या बांबूच्या आधारावर पेलतो.

आता हा हनुमान कुठला? सांध्यांकडे पाहावे. खांदे, कोपर, गुडघे वेगळे कापून जोडलेले असतील आणि रंग दोन्ही बाजूंना असेल, तर आंध्रच्या तोलु बोम्मलाटाकडे बोट जाते. त्या बाहुल्या मोठ्या असतात. कर्नाटकातल्या तोगलु गोंबेयाट्टाच्या बाहुल्याही चामड्याच्या, पण एकंदरीत लहान, आणि राजा असेल तर मोठा, सेवक असेल तर छोटा. फोटोत शेजारी माणसाचा हात नसेल, तर आकाराचा अंदाज येत नाही. अशा वेळी दोहोंपैकी एक ठामपणे सांगू नये. ओडिशाची रावणछाया मात्र सहज ओळखू येते: अखंड एका तुकड्याची, सांधा नाही, रंग नाही.

दोऱ्यांच्या बाहुल्यांतही असेच आहे. राजस्थानी कठपुतळीला पाय नसतात, घोळदार झगा खाली लोंबतो. तमिळ बोम्मलाट्टमची बाहुली जड असते, तिच्या दोऱ्या खेळवणाऱ्याच्या डोक्यावरच्या लोखंडी कड्याला बांधतात आणि हात मात्र काठ्यांनी हलवतात. फोटो वरून कापला गेला, कडे दिसेनासे झाले, की ती काठीचीच वाटते. दोरीची खूण मग बाहुलीच्या डोक्यापाशी शोधावी लागते.

गावाचे नाव माहीत असले तरी पुरत नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलाकार कळसूत्री बाहुल्याही नाचवतात, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही करतात आणि चित्रकथीही सांगतात. फोटोखाली नुसते ‘पिंगुळी’ लिहिलेले असेल, तर दोरा आहे की कातडे, हे डोळ्यांनीच तपासावे लागते.