हो की नाही? आकड्यावरून उत्तर कसे काढतात

ओझरच्या आमच्या बैठकीत एकीने विचारले, "गुरुजी पत्रिका न मागता १ ते २४९ मधला एक आकडा सांगा म्हणाले. हे काय असते?" पुष्कळ जणींना असा अनुभव आलेला दिसला, म्हणून आज त्याबद्दल बोलू.

ही कृष्णमूर्ती पद्धत. मद्रासचे के. एस. कृष्णमूर्ती यांनी गेल्या शतकात ती बसवली आणि आपल्याकडे ती चांगलीच रुजली. आपण नेहमी ऐकतो ते राशीवरचे भविष्य: लग्नरास मेष, सातवे घर तुळेचे, त्याचा स्वामी शुक्र. पण एक रास पूर्वेला उगवायला साधारण दोन तास लागतात. तेवढ्या वेळात जन्मलेल्या सगळ्यांची घरे त्याच राशींची. मग जुळ्यांचे नशीब वेगळे का, याचे उत्तर राशीत सापडत नाही.

कृष्णमूर्तींनी नक्षत्राचेच आणखी तुकडे केले. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते. विंशोत्तरी दशेत ग्रहांना जितकी वर्षे दिली आहेत, त्याच प्रमाणात त्याचे नऊ भाग पाडले. शुक्राची २० वर्षे, म्हणून त्याचा भाग मोठा. रवीची ६ वर्षे, म्हणून त्याचा लहान. त्या भागाचा जो मालक, तो उपनक्षत्रस्वामी. सत्तावीस नक्षत्रांचे असे २४३ भाग होतात, आणि राशीची हद्द मधे आल्यामुळे सहा भाग दुभंगतात, म्हणून २४९. रवीचा भाग तीन मिनिटांच्या आत उगवून जातो, शुक्राचा साधारण नऊ मिनिटांत. आपल्या जन्मवेळा कशा लिहिलेल्या असतात ते आपल्याला ठाऊकच आहे. "दिवे लागणीला झाली" एवढ्यावर हे गणित चालत नाही. म्हणून जन्मवेळेऐवजी आकडा घेतात. त्या आकड्याचा भाग जिथे सुरू होतो, तिथे लग्न धरतात. ग्रह मात्र प्रश्न सोडवायला बसतात त्या वेळेचे.

आता एक उदाहरण. प्रश्न असा: "हे स्थळ जमेल का?" लग्नाच्या प्रश्नाला सातव्या घराच्या आरंभाचा उपनक्षत्रस्वामी पाहतात. तो दुसरे, सातवे किंवा अकरावे घर दाखवत असेल तर हो. पहिले, सहावे, दहावे दाखवत असेल तर नाही. घर दाखवतो म्हणजे काय? तो ज्याच्या नक्षत्रात आहे, तो ग्रह कोणत्या घरात बसलाय ते प्रामुख्याने पाहायचे.

समजा, बाईने २ आकडा सांगितला. लग्न मेषेच्या पाऊण अंशावर येते आणि सातवे घर बरोबर समोर, तुळेच्या पाऊण अंशावर. तिथे उपनक्षत्रस्वामी बुध. समजा बुध पुष्यात आहे. पुष्य शनीचे नक्षत्र आणि शनी सहाव्या घरात. उत्तर: नाही.

त्याच क्षणी तिने ३ म्हटले असते तर? लग्न मेषेच्या तीन अंशांवर, सातवे घर तुळेच्या तीन अंशांवर. तिथे उपनक्षत्रस्वामी शुक्र. समजा शुक्र पुनर्वसूत आहे. ते गुरूचे नक्षत्र, आणि गुरू अकराव्यात. उत्तर: हो.

राशीने पाहणाऱ्याला दोन्ही वेळी मेष लग्न आणि सप्तमेश शुक्रच दिसेल. तो शुक्र, मंगळ, दृष्टी पाहून "योग आहे, पण उशीर होईल" असे काहीतरी सांगेल. कृष्णमूर्तीवाला एका वाक्यात निकाल देतो. माणसे त्याच्याकडे जातात ती बहुधा यासाठीच.

पण गोम इथेच आहे. २ म्हटले तर मोडले, ३ म्हटले तर जमले. म्हणून या पद्धतीत प्रश्न एकदाच विचारायचा, तोही मनात खरी तळमळ असताना. जाणकार आधी चंद्र पाहतात. चंद्र विचारलेल्या गोष्टीची घरे दाखवत नसेल तर प्रश्न मनापासून नाही असे धरून थांबतात. "नाही" आल्यावर "दुसरा आकडा सांगा" म्हणणारा, किंवा शांतीचे पैसे मागून "हो" करून देणारा, स्वतःच्याच शास्त्राचा नियम मोडतो.

आता आमचे मत. गणित काटेकोर आहे म्हणून उत्तर खरे ठरते असे नाही. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली. पत्रिकेवरून मूल हुशार की मतिमंद, एवढेच ओळखायचे होते. २७ जणांनी उत्तरे पाठवली, आणि सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवले तरी पन्नासच्या आसपास येतात. ती चाचणी जन्मपत्रिकांची होती, आकड्याच्या प्रश्नांची नव्हे, हे खरे. पण आकडेवाल्याचीही परीक्षा आपल्याला घेता येते. त्याने दिलेले उत्तर, तारीख आणि आकडा गटाच्या वहीत त्याच दिवशी लिहून ठेवायचा, आणि वर्षाने उघडून मोजायचे. लक्षात राहतात ती जुळलेलीच उत्तरे. चुकलेली वहीतच सापडतात.

आणि स्थळाचेच म्हणाल, तर आकडा सांगण्याआधी मुलाची नोकरी, व्यसन आणि डोक्यावरचे कर्ज यांची चौकशी त्याच्या गावी जाऊन करा. मुलीला काय वाटते तेही तिच्याच तोंडून ऐका.